गुलाबी कागद : दसऱ्याआधीची एक संध्याकाळ, फक्त निमंत्रितांसाठी

॥ श्री ॥

लाल दाराची पेढी
सोन्या-मोत्यांचे दागिने
राम आळी, रत्नागिरी

ती. पावसच्या काकूंस,
पेढीवरच्या दोघी नातींचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे कार्ड गुलाबी कागदात गुंडाळून आलं म्हणून दचकू नका, आत सोनं नाही. पण हा कागद तुमच्या ओळखीचा आहे. कपाटातल्या आतल्या खणात, स्टीलच्या डब्यात, घडी पडून पडून मऊ झालेला, राणी रंगाचा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तो आमच्या गादीवर उलगडलात आणि सासूबाईंची नथ पुढे ठेवलीत. म्हणालात, "विकायची नाही हो, नुसती दाखवायला आणलीय."

त्या दिवशी आम्ही तिचं वजन केलं, मोती मोजले, चित्र काढलं आणि नथ परत त्याच कागदात बांधून दिली. तुमच्यासारखी आणखी सदतीस घरं निघाली. कुणी हर्णैहून बोरमाळ आणली, कुणी मालवणहून गोठ. राजापूरच्या एका आजींनी नुसती एक सुटी कुडी आणली, जोडीतली दुसरी विहिरीत पडलेली. या अडतीस घरांच्या डब्यांतून जे पाहिलं, त्यावरून आम्ही चोवीस डाग घडवले आहेत. त्या सगळ्यांना मिळून नाव दिलं, 'गुलाबी कागद'.

दसऱ्याला, मंगळवारी 20 ऑक्टोबर 2026 रोजी, ते दुकानाच्या काचेत लागतील आणि मग ते सगळ्यांचे. त्याआधी ते कुणी बघावेत याचा आम्हाला फार विचार करावा लागला नाही. मुंबईच्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी 'आधी आम्हाला दाखवा' म्हणून फोन केले, त्यांना दसऱ्यानंतर या म्हणून सांगितलं. ज्यांच्या डब्यातून नमुना घेतला, त्यांनी आधी बघायचं. बरोबर झालंय की बिघडवलंय, हे तुम्हीच सांगू शकता.

तरी, काकू, आपण अगत्य यावं.

शनिवार, 17 ऑक्टोबर 2026
संध्याकाळी 5 ते 8
पेढीच्या मागच्या अंगणात आणि माडीवर

पाचची वेळ मुद्दाम ठेवली आहे. मोती ट्यूबलाइटखाली बघायची वस्तू नव्हे. त्या दिवसांत आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे तासभर चांगला उजेड मिळेल. नथी, कुड्या आणि तन्मणी तेवढ्या वेळात अंगणातच मांडू. मोत्याच्या अंगावरचं पाणी उन्हं कलल्यावर जसं दिसतं तसं दिव्यात दिसत नाही. आजोबा तर ढगाळ दिवशी मोती विकतच नसत, गिऱ्हाईक परत पाठवत. आमच्याच्यानं तेवढं होणार नाही, पण संध्याकाळ तरी नीट निवडावी. नुसतं सोनं नंतर माडीवर दिव्यांत बघू, सोन्याला दिवे चालतात.

आता तुमच्या नथीबद्दल. ती होती तशी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुनी नथ वजनदार, वर्षानुवर्षं घालून नाकाचं भोक ओघळलेलं तुम्हीच दाखवलं होतंत. मोत्यांची मांडणी तुमच्याच नथीची ठेवली आहे, वरचा मोठा मोती आणि त्याखाली उतरत जाणारे लहान, मध्ये एकच लाल खडा. बदलली ती तार आणि वजन. नवी नथ जुनीच्या जवळजवळ अर्ध्या वजनात बसली. शिवाय एक दाबाची केली आहे, कारण हल्लीच्या मुलींची नाकं टोचलेली नसतात आणि लग्नाच्या दिवशी मात्र सगळ्यांना नथ हवी असते. आमच्या धाकटीचं मत विचाराल तर दाबाची नथ म्हणजे फसवणूक. थोरलीचं म्हणणं, नथ कपाटात राहण्यापेक्षा बरी. तुम्ही निवाडा करा.

बोरमाळेची गोष्ट वेगळी. जुन्या बोरमाळांच्या मण्यांत लाख भरलेली असे. मणी चेपत नाही, अंगावर भरदार दिसतो. पण अशी माळ मोडीत घातली की लाख जळून जाते, वजन घटतं आणि घरी परतलेली बाई आयुष्यभर म्हणत राहते की सोनाराने खाल्लं. या भांडणात आमच्या आजोबांचीही दोन-तीन नाती तुटली. म्हणून आमच्या बोरमाळेत लाख नाही. मणी पोकळ आहेत आणि ते जपून वापरावे लागतील. दारात अडकले, कडेवरच्या बाळाने ओढले तर चेपतील. खोटं कशाला सांगायचं? ज्यांना रोज घालायची आहे त्यांच्यासाठी थोड्या जाड पत्र्याचे मणी करून दोन माळा वेगळ्या ठेवल्या आहेत. भाव अर्थातच चढा.

ठुशी मात्र आम्ही हात न लावता ठेवली. तिच्यात सुधारणा करायला गेलो आणि तीनदा तोंडावर पडलो. मणी जरा मोठे केले की ती ठुशी राहत नाही, नुसता पट्टा होतो. शेवटी पटवेकरीदादांनी जुन्या रीतीने, मागे रेशमाचा गोंडा ठेवून गाठवून दिली. तोच गोंडा वर-खाली केला की एकच ठुशी आजीच्या गळ्यात आणि नातीच्या गळ्यात बसते. ही सोय आपल्या बायकांना केव्हाच सुचलेली होती.

बाकी पाटल्या, गोठ, मोहनमाळ, चिंचपेटी, बुगड्या आणि अंबाड्यातलं एक केवड्याचं पान आहे. त्यांचं वर्णन इथे करत नाही, बघायला काहीतरी उरू दे.

एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं. नवरात्र असलं तरी हे हळदीकुंकू नाही. बोलावताना कोण सवाष्ण आणि कोण नाही हे आम्ही पाहिलेलं नाही, दारातही कुणी पाहणार नाही. नमुन्याला आलेले कितीतरी डाग अशा हातांतून आले ज्यांनी ते घालणं सोडून दिलं आहे. त्या हातांनी ते इथे पुन्हा घालून बघावेत. आरसे माडीवर चार आहेत, एक आडोशाला.

सोबत लेक, सून, नात, बहीण, जिला वाटेल तिला आणा, पण एका कार्डावर दोघीच. माडी जुनी, लाकडी आहे आणि आमचा सुतार चाळिसाच्या वर माणसं चढवू देत नाही. म्हणून दोन खेपा होतील. तुमच्या कार्डाच्या मागे 'आधी अंगण' असा शिक्का आहे; म्हणजे तुम्ही पाच ते साडेसहा अंगणात, मग वर.

खरेदी केलीच पाहिजे असं अजिबात नाही. बघा, घाला, नावं ठेवा. एखादा डाग आवडला तर त्या संध्याकाळी तो तुमच्या नावाने बाजूला ठेवू. त्यासाठी पैसे घेणार नाही, दसऱ्याच्या दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवलं की पुरे. भाव ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा, फळ्यावर लिहिलेला. घडणावळ प्रत्येक डागाच्या चिठ्ठीवर वेगळी लिहिली आहे, वर जीएसटी 3 टक्के. मोती आणि खडे यांचं वजन सोन्याच्या वजनात धरलेलं नाही, चिठ्ठीवर दोन्ही आकडे दिसतील.

सोनं 22 कॅरेटचं, 916. प्रत्येक दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आहे. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नातीच्या मोबाइलवर बीआयएस केअर हे अ‍ॅप असेल तर नंबर घालून तिथल्या तिथे पडताळा. आमच्यासमोर पडताळायला संकोच नको. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना ही सक्ती नाही, आपल्या चमक्या आणि दोन बुगड्या त्यात येतात. त्यांचं कॅरेट बिलावर लिहून, सही करून देऊ. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन कार्ड लागतं आणि दोन लाख किंवा त्यावरची रक्कम रोख घेता येत नाही; हे तुम्हाला ठाऊक असणारच, पण ऐन वेळी खोळंबा नको म्हणून लिहिलं.

दारात तुमच्या अंगावरच्या दागिन्यांची वहीत नोंद होईल. राग मानू नका. चाळीस बायका, शंभर पाटल्या आणि सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. काढताना-घालताना अदलाबदल झाली तर निस्तरणार कोण? नोंदीखाली तुमची सही, आमची सही.

फोटो दसऱ्यापर्यंत काढू नयेत, ही विनंती. घातलेल्या डागासह तुमचा फोटो आम्हीच काढून दसऱ्याला घरी पोचता करू.

खाण्याचं काय, हा प्रश्न नवरात्रात येणारच. उपासवाल्यांसाठी रताळ्याचे काप, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, शहाळ्याचं पाणी. बिनउपासवाल्यांसाठी घावन-घाटलं आणि जायफळ घातलेली कॉफी. दोन्ही पंगती वेगळ्या भांड्यांतून, स्वयंपाक घरचाच. ऑक्टोबरच्या उकाड्याला कोकम सरबत सगळ्यांना. फक्त सरबताचा पेला हातात घेऊन मोत्यांजवळ जाऊ नका, आंबट मोत्याला मारक. अत्तरही तसंच, त्या संध्याकाळी लावू नका.

राम आळीत गाडी घालू नका, अडकाल. पावस आणि गोळपकडच्या मंडळींसाठी आम्ही गाडी सांगितली आहे. पावणेचारला पावसच्या नाक्यावरून निघेल, भाट्याच्या पुलावरून गावात येईल आणि रात्री साडेआठला परत सोडेल. तुमच्या दोन जागा धरल्या आहेत. येत असाल तर 10 ऑक्टोबरपर्यंत पेढीवर फोन करा, नंबर पाकिटावरच्या शिक्क्यात आहे. पितृपक्ष असला तरी फोन करायला हरकत नाही, आजोबांनाही ते चाललं असतं.

हे कार्ड सोबत आणा. ते दाखवल्याशिवाय त्या दिवशी लाल दार उघडणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा!

आपल्या,
लाल दाराच्या पेढीवरच्या दोघी
थोरली आणि धाकटी

ता. क. आजोबांच्या जुन्या वहीत तुमच्या सासूबाईंच्या नथीची नोंद सापडली, त्यांच्याच अक्षरात, मोत्यांच्या संख्येसकट. वहीत एक मोती जास्त आहे. तो कधी निखळला ते तुम्हालाच आठवत असेल. येताना नथ घेऊन या; तिची तारही सैल झालीय, कारागीर त्या संध्याकाळी अंगणातच बसणार आहे.