नको थांबू

(इयत्ता नववीच्या मराठीच्या तासासाठी चित्रकथेची संहिता, आठ चौकटी. पात्रे: इरा, ओंकार, तन्मय, मृणाल आणि मराठीच्या बाई.)

चौकट १
रविवार, सकाळचे साडेसहा. स्वारगेटच्या थांब्यावर ओंकार आणि तन्मय पाठीवर पिशव्या अडकवून उभे आहेत. सिंहगड पायथ्याला जाणारी बस नुकतीच येऊन लागली आहे. रस्त्यापलीकडे इरा केळीवाल्याकडे दिसते.
ओंकार (फोनवर टाइप करताना): मृणाल अजून आली नाही. बस लागली आहे. निघायचं का?

चौकट २
चौकटभर फक्त इराच्या फोनचा पडदा दिसावा. तिच्या एका हातात केळ्यांचा घड आहे, त्यामुळे ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घाईघाईने लिहिते आहे. चित्रकाराने येथे अक्षरे मोठी काढावीत, कारण पुढची सगळी कथा या दोन शब्दांवर उभी आहे.
पडद्यावर: नको थांबू

चौकट ३
ओंकार: ‘नको थांबू’ म्हणते आहे. चल, चढ लवकर!
तन्मय: आणि त्या दोघी?
ओंकार: येतील मागच्या बसने. थांबू नका म्हणून तीच सांगते आहे ना!

चौकट ४
बस वळणावर दिसेनाशी होते आहे. केळी घेऊन आलेली इरा आणि धापा टाकत पोहोचलेली मृणाल रिकाम्या थांब्यावर एकमेकींकडे पाहत आहेत. या चौकटीत संवाद नको. चेहरे पुरेसे आहेत.

चौकट ५
सोमवार, मराठीचा तास. बाईंनी फळ्यावर एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या आहेत:
नको थांबू.
नको, थांबू.
दुसऱ्या ओळीतील स्वल्पविराम लाल खडूने काढलेला असून त्याची शेपटी ओळीखाली डावीकडे वळलेली स्पष्ट दिसते.
इरा: बाई, मला खालचं म्हणायचं होतं. आत्ता निघायला नको, आपण मृणालसाठी थांबू.
ओंकार: आणि मी वरचं वाचलं.
बाई: तू चुकीचं वाचलं नाहीस, ओंकार. जे लिहिलेलं होतं तेच तू वाचलंस.

चौकट ६
ही चौकट इतरांपेक्षा मोठी ठेवावी. बाई फळ्याजवळ उभ्या राहून दोन्ही शब्दांवर बोट ठेवत समजावतात.
बाई: ‘थांबू’ हे रूप मराठीत एकापेक्षा जास्त कामं करतं. ‘आपण थांबू’ म्हणताना ते स्वतः क्रियापद असतं आणि ‘थांबू नकोस’ म्हणताना नकाराच्या सोबतीला येतं. बोलताना आपण हाच क्रम उलटा करून ‘नको थांबू’ म्हणतो. ‘नको’चंही तसंच आहे. कधी ते एकटंच उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देतं, तर कधी पुढच्या क्रियापदाला मनाई करतं. दोन्ही शब्द दुहेरी असल्यामुळे ते कुठे तोडायचे हे वाचणाऱ्याला सांगावंच लागतं.
इरा: पण मी हेच तोंडाने सांगितलं असतं, तर त्याला बरोबर कळलं असतं.
बाई: कळलंच असतं, कारण ‘नको’ म्हटल्यावर तू क्षणभर थांबली असतीस. कागदावर तो श्वास उमटत नाही, म्हणून त्याच्या जागी हे चिन्ह द्यायचं.
तन्मय: मग जुन्या मोडी पत्रांत काय करत असत?
बाई: मोडीत शब्दही सुटे लिहीत नसत आणि विरामचिन्हंही नसत, अर्थ संदर्भावरून लावावा लागे. मराठीत ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं.

चौकट ७
तन्मय फळ्यावर लिहितो: काका, मामा आले.
तन्मय: बाई, इथे स्वल्पविराम आहे, तरीही दोन अर्थ निघतात! काकाही आले आणि मामाही आले, किंवा कुणीतरी काकांना हाक मारून मामा आल्याचं सांगतं आहे.
बाई (मनापासून आनंदून): फार चांगलं शोधलंस. हाक मारतानाही हेच चिन्ह देतात आणि नावं एकापुढे एक मांडतानाही हेच. मग अशा वेळी काय करशील?
मृणाल: ‘काका आणि मामा आले’ असं लिहीन. आणि काकांना सांगायचं असेल, तर ‘अहो काका, मामा आले’.

चौकट ८
पुढचा रविवार. तोच थांबा, तीच बस. या वेळी तन्मय आलेला नाही. ओंकारचा एक पाय बसच्या पायरीवर आणि दुसरा रस्त्यावर आहे. नजर फोनवर खिळलेली आहे. पलीकडे केळीवाल्यासमोर इराने केळी मृणालच्या हाती दिली आहेत आणि ती दोन्ही हातांनी लिहिते आहे.
पडद्यावर: नको,
ओंकार बसच्या पायरीवरून पाय खाली घेतो.