विषय: नेटशिवाय नोंद करण्याची सोय दुसऱ्या टप्प्यात घेण्याबाबत

नमस्कार मॅडम,

गोदामाच्या मागच्या भागात रेंज नसते, म्हणून नेट नसतानाही ॲपमध्ये आवक-जावक टाकता आली पाहिजे, असं तुम्ही काल फोनवर म्हणालात. अडचण खरी आहे. ट्रायलच्या दिवशी तिथे उभं राहून मी स्वतः एक खोका स्कॅन केला, तर नुसतं चक्र फिरत राहिलं. तरीही १५ तारखेच्या लाइव्हमध्ये ही सोय देता येणार नाही. टीमशी बोलूनच लिहितोय.

नोंद फोनमध्ये ठेवायची आणि नेट आलं की पाठवायची, एवढंच काम असतं तर हो म्हटलं असतं. गोची शिल्लक साठ्याची आहे. समजा एका मालाचे १० खोके आहेत. नेट नसताना दोघांनी आपापल्या फोनवर ८-८ खोक्यांची जावक टाकली. दोन्ही फोनवर शिल्लक १० दिसतेय, त्यामुळे दोन्ही चलनं निघाली. नेट आल्यावर सर्व्हरवर शिल्लक उणे ६. मग कोणाचं चलन रद्द करायचं? हा नियम तुमच्याकडूनच यायला हवा, आम्ही परस्पर ठरवणं बरोबर नाही.

दुसरं, नोंद सर्व्हरला पोचली पण पोच येण्याआधी नेट गेलं, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि माल दोनदा वजा होतो. हे टाळायला प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यावा लागेल. सध्या तो सर्व्हर देतो. म्हणजे मुळात हात घालावा लागेल आणि झालेलं टेस्टिंग पुन्हा करावं लागेल. तुमच्या लोकांचं टेस्टिंग सोमवारी सुरू होतंय. अशा वेळी पाया उकरायला माझं मन धजत नाही. (मागे एका कामात ऐनवेळी हो म्हणून बसलो होतो. लाइव्हनंतरचा पहिला महिना साठा जुळवण्यातच गेला.)

तोपर्यंत १५ तारखेच्या आत दोन गोष्टी करून देतो. नेट गेलं तरी भरलेला फॉर्म पुसला जाणार नाही, मसुदा म्हणून फोनवर राहील. रेंजमध्ये आल्यावर माणसाने तो उघडून 'पाठवा' दाबायचं, तेव्हाच ताजी शिल्लक तपासून नोंद होईल. आणि मालाची यादी नेटशिवाय पाहता येईल, वर 'शेवटचं अपडेट' किती वाजताचं ते दिसेल. हे मूळ कामातच धरतो, वेगळा खर्च नाही.

पूर्ण ऑफलाइन नोंद दुसऱ्या टप्प्यात पहिल्याच क्रमांकावर घेऊ. नियम ठरल्यापासून साधारण ६ आठवडे लागतील. ती मूळ स्कोपमध्ये नसल्याने तिचं एस्टिमेट वेगळं पाठवेन, मंजुरीशिवाय काम सुरू करणार नाही.

दरम्यान मागच्या भागात वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट बसवता येतो का, हे तुमच्या आयटीवाल्यांना विचारून बघाल का? तेवढ्यावर भागलं तर आमचं काम कमी होईल, पण तुमचे पैसे वाचतील.

मसुद्याची सोय चालेल का, एवढं गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी सकाळी आम्ही बिल्ड बंद करतोय.

आपला,
प्रोजेक्ट मॅनेजर, साठा ॲप