दाद न देणारं नैराश्य आणि केटामिन: निवड, निरीक्षण, सुरक्षितता

नमस्कार. सर, मॅडम, भूलशास्त्र विभागातून मुद्दाम आलेले डॉक्टर, सिस्टर आणि माझे ज्युनियर. आजचा पेपर आहे २०२३ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, ‘इलेक्ट-डी’ नावाने ओळखला जाणारा: सायकोसिस नसलेल्या, उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यात शिरेवाटे केटामिन विरुद्ध ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार. हा पेपर मी आपल्या स्त्री वॉर्डातल्या सात नंबरच्या बेडसाठी निवडला. चोपडा तालुक्यातल्या ४६ वर्षांच्या ताई, केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, “माले काहीच गोड लागत नही.” आठवडाभरात त्यांचं वजन ४८ किलोवर आलंय. मुलगा मोबाईलवर बातमी दाखवतो आणि विचारतो, “मॅडम, हे इंजेक्शन आईला का देत नाही?”

त्या मुलाला मला नीट उत्तर द्यायचंय. पेपर वाचताना एक गोष्ट पटत गेली. यातली ४० मिनिटांची सलाईन सोपी आहे. अवघड आहे ती त्याआधीची निवड आणि त्यानंतरचे महिने. म्हणून वेळही तिथेच जास्त घेणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. केटामिन भुलीसाठी १९७० पासून वापरात आहे. २००० साली अवघ्या सात रुग्णांवरचा पहिला नियंत्रित अभ्यास आला आणि २००६ मध्ये झराटे यांचा १८ रुग्णांचा. त्यात २४ तासांनी ७१ टक्क्यांना फरक पडला, पण आठवडाभर टिकला ३५ टक्क्यांतच. झटपट उतार आणि झटपट परत येणं, या औषधाचा स्वभाव तेव्हाच दिसला होता. डोस तेव्हापासून तोच आहे, किलोमागे ०.५ मिग्रॅ, ४० मिनिटांत. एस्केटामिन हा त्याचाच एक आरसा-भाग, नाकात फवारायचा. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये तोंडी नैराश्यरोधक गोळीसोबत त्याला मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये एकट्याने वापरण्यासाठीही. आपल्या हातात आहे ते साधं रेसिमिक केटामिन. नैराश्यासाठी ते लेबलबाह्य वापरात मोडतं, आणि संमतिपत्रात हे मराठीत, ठळक लिहायलाच हवं.

आता पेपर. ४०३ जणांची चिठ्ठी निघाली. केटामिन गटाला आठवड्यातून दोनदा, ईसीटी गटाला आठवड्यातून तीनदा, असे तीन आठवडे. रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचे गुण निम्म्याने उतरले तर प्रतिसाद धरला. केटामिनमध्ये ५५.४ टक्के, ईसीटीमध्ये ४१.२ टक्के. केटामिन ईसीटीपेक्षा कमी नाही, हे सिद्ध झालं. स्मरणशक्तीच्या बाबतीत केटामिन गट बरा राहिला.

इथे घाई करू नका. चार गोष्टींमुळे मी अडखळले. ईसीटी गटात नाव निघालेल्या २०३ पैकी ३३ जण एकही उपचार न घेता बाहेर पडले, केटामिन गटातून फक्त पाच. लोक केटामिनच्या आशेने आले होते असं दिसतं, आणि कोणता उपचार मिळतोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. गुण रुग्णाने स्वतःच भरायचे असतील तर आशेचं वजनही त्या गुणांत पडतं. ईसीटीची सुरुवात उजव्या बाजूच्या एकतर्फी, अतिलघू स्पंदनांनी झाली. ती स्मृतीला जपते, पण तिला जास्त सत्रं लागतात आणि इथे तीनच आठवडे होते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: बहुतेक रुग्ण बाह्यरुग्ण होते. स्वीडनमधल्या केटईसीटी अभ्यासात भरती केलेले रुग्ण होते आणि तिथे उलटा निकाल लागला, पूर्ण आराम ईसीटीत ६३ टक्के, केटामिनमध्ये ४६ टक्के. म्हणून ‘केटामिन आलं, आता ईसीटी बंद’ असा अर्थ कोणी काढू नये. जेवण सोडलेला, गप्प पडलेला, अंगाला ताठरपणा आलेला किंवा ‘माझे आतडे कुजलेत’ म्हणणारा रुग्ण या पेपरमध्ये नव्हताच. त्याच्यासाठी ईसीटीच, तीही कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करूनच.

आशेचं वजन म्हणाले, त्याला पुरावा आहे. २०१३ च्या मरो यांच्या अभ्यासात तुलनेला सलाईन नव्हतं, मिडाझोलाम होतं, म्हणजे दुसऱ्या गटालाही काहीतरी जाणवावं. प्रतिसाद ६४ विरुद्ध २८ टक्के. फरक राहिला, पण २८ टक्केही थोडे नाहीत. २०२३ मध्ये ४० रुग्णांना शस्त्रक्रियेच्या पूर्ण भुलीखाली केटामिन किंवा सलाईन दिलं, कोणालाच काही जाणवलं नाही, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. औषध खोटं आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. भुलीच्या औषधांचाही त्यात गुंता आहे. पण आपण रुग्णाशी काय बोलतो, तेही उपचारातच मोडतं एवढं मी घेते.

एस्केटामिनचे आकडेही तसेच मध्यम. ट्रान्सफॉर्म-२ या अभ्यासात २८ दिवसांनी गटांतला फरक माड्रसवर, म्हणजे नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या गुणपट्टीवर, चार गुणांचा. ६५ वर्षांपुढच्यांच्या अभ्यासात फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. एस्केप-टीआरडीत क्वेटियापिनशी तुलना झाली, आठव्या आठवड्याला पूर्ण आराम २७.१ विरुद्ध १७.६ टक्के. उपयोगी औषध आहे, जादू नाही. आत्महत्या टाळतं असं दाखवलेलं नाही, हेही मान्यतेच्या लेबलवर स्पष्ट आहे. कीटकनाशक पिऊन वाचलेला शेतकरी समोर असताना हे वाक्य विसरू नका. सलाईननंतर त्याचा चेहरा उजळला म्हणून घरातली फवारणीची बाटली कुलपाबाहेर ठेवता येत नाही.

आता निवड. ‘दाद न देणारं’ म्हणायचं तर किमान दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, सहा-आठ आठवडे, आणि खरोखर गिळलेली. आपल्याकडे हीच अट बहुतेकदा कोसळते. मागच्या महिन्यात शिरपूरकडचे एक भाऊ ‘दोन औषधं फेल’ अशा चिठ्ठीसह आले. एस्सिटॅलोप्राम १० मिग्रॅ, तीन आठवडे. दुसरं औषध तोंड कोरडं पडतं म्हणून सहाव्या दिवशी बंद. रोज संध्याकाळी दारू. टीएसएच कधी झालेलंच नव्हतं. त्यांच्या आजाराला आपण अजून खरं औषध दिलेलंच नाही. हंगामात कापूस वेचणीला गोळ्या सुटतात, बस चुकली की पुढचा महिना कोरडा, आणि चिठ्ठीवर मात्र ‘फेल’. म्हणून स्ट्रिप मागून गोळ्या मोजायच्या, घरच्यांना विचारायचं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायचं. कधीतरी उन्माद येऊन गेलाय का, ते आईला किंवा बायकोला विचारायचं.

कोणाला द्यायचं नाही? सायकोसिस किंवा त्याचा इतिहास. सध्या दारू-अमलाचं व्यसन. धमनीचा फुगवटा, मेंदूतला रक्तस्राव. ताबा नसलेला रक्तदाब, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. यकृताचा गंभीर आजार. बेंझोडायझेपिन चालू असेल तर केटामिनचा परिणाम बोथट होऊ शकतो. आदल्या रात्रीची गोळी टाळता येते का ते पाहायचं, पण एकदम बंद नको.

निरीक्षणावर सिस्टर, विशेष लक्ष द्या. आधी वजन, ईसीजी, यकृताच्या आणि लघवीच्या चाचण्या, माड्रस. सकाळचा रक्तदाब १४०/९० च्या वर असेल तर त्या दिवशी थांबून विचार. व्हायल हातात घेतली की प्रमाण मोठ्याने वाचायचं, कारण केटामिन मिलिलिटरला १० मिग्रॅ आणि ५० मिग्रॅ अशा दोन्ही ताकदींत येतं. आपल्या ताईंना २४ मिग्रॅ लागेल. ५० च्या व्हायलमधून ते ०.४८ मिलि, १० चं समजून २.४ मिलि ओढलं तर पाचपट डोस, म्हणजे थेट भूल. म्हणून दोन जणांनी मोजायचं. ५० मिलि सलाईनमध्ये, सिरिंज पंपावर ताशी ७५ मिलि. पंप नसेल तर त्या दिवशी केटामिन नाही.

दर दहा मिनिटांनी रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन. डिसोसिएशन आणि रक्तदाब साधारण चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास सर्वांत वर असतात. रुग्णाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतात. आपल्याकडच्या माणसाला ‘डिसोसिएशन’ समजणार नाही. ‘हाई आंग मन्हं नही असं वाटस’ म्हटलं की लगेच समजतं, आणि ते उतरतं हेही समजतं. खोली शांत, ओळखीची एक व्यक्ती जवळ, फोन बंद. ऑक्सिजन, सक्शन, अँबू बॅग चालू अवस्थेत, आणि श्वासमार्ग सांभाळणारा माणूस मजल्यावर. भूलशास्त्राच्या डॉक्टरांना आज बोलावलं ते याचसाठी. सलाईन संपल्यावर दोन तास उठवायचं नाही; एस्केटामिनसाठीही अमेरिकेत हाच दोन तासांचा नियम सक्तीचा आहे. त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीचं काम बंद. अक्कलकुवा-धडगावकडचा रुग्ण असेल तर रात्रभर ठेवून घ्यावं. दुपारच्या एसटीत चक्कर येऊन पडला तर आपण कुठे पोहोचणार? आणि उन्हाळ्यात उपाशी ठेवायचं ते सकाळी सात-आठपर्यंतच. पारा ४५ वर असताना दुपारपर्यंत कोरडं ठेवलेलं शरीर हे आपलंच निर्माण केलेलं संकट.

दीर्घकाळाचं बोलायचं तर वारंवार गैरवापर करणाऱ्यांत मूत्राशयाला जखमा होतात. म्हणून प्रत्येक भेटीत ‘लघवीला जळजळ, सारखं जावं लागतं का’ हे विचारायचं. औषध शेड्यूल एक्समध्ये आहे. कुलूप, नोंदवही आणि उरलेलं औषध दोन सह्यांनी फेकणं यात सूट नाही.

आणि तीन आठवड्यांनंतर? इलेक्ट-डीत प्रतिसाद दिलेल्यांपैकी सहा महिन्यांत केटामिन गटातले ३४.५ टक्के पुन्हा खाली गेले, ईसीटी गटातले ५६.३ टक्के. म्हणून सहा सलाईन संपण्याआधीच पुढची गोळी, समुपदेशन आणि तालुक्याच्या ठिकाणी कोण बघणार, हे ठरलेलं हवं.

आता सात नंबर. एस्सिटॅलोप्राम २० मिग्रॅ आठ आठवडे, व्हेन्लाफॅक्सिन २२५ मिग्रॅ दहा आठवडे, मुलाने गोळ्या स्वतः दिल्यात. लिथियमही जोडून झालं. सायकोसिस नाही, पाणी-पेज घेतात. अटीत बसतात. पण रक्तदाब १५०/९४ आहे, बहुधा व्हेन्लाफॅक्सिनमुळे. माझा प्रस्ताव असा: डोस हळूहळू खाली आणावा, रक्तदाब तीन दिवस सलग १४० च्या आत आला की पहिली सलाईन. मुलाला आणि ताईंना ईसीटी आणि केटामिन दोन्ही पर्याय एकत्र बसवून सांगायचे, निवड त्यांची. दोन सलाईननंतर माड्रस हललाच नाही तर सहा पूर्ण करायच्या का, तिथेच ईसीटीकडे वळायचं? इथे मला सरांचं मत हवंय, आणि भूलशास्त्राकडून मंगळवार-शुक्रवारचे सकाळचे दोन तास.