दाबव्रण धोका व कूस-बदल नोंद

रुग्ण: स्त्री, वय ७४, वजन ४८ किलो. डाव्या अंगाचा पक्षाघात, खाटेवर पूर्ण परावलंबी, नाकातून नळीने आहार, डायपर. घरी शुश्रूषा, घोडबंदर रोड, ठाणे पश्चिम.
कालावधी: १० जून सकाळी ८ ते ११ जून सकाळी ८.
आधार: दिवसपाळीची वही, रात्रपाळीने कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेल्या ओळी, घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निरोप. टिपणात वेळ नसेल तिथे अंदाजाने भरलेली नाही.

ब्रेडन गुणांकन, ११ जून, सकाळी ७:३०

संवेदना २ (डाव्या अर्ध्या अंगाला जाणीव नाही)
ओलावा २ (पाळीत किमान एकदा चादर बदलावी लागते)
हालचाल १ (खाटेवरच)
स्वतः कूस बदलणे २ (उजवा हात-पाय किंचित हलवतात, कूस वळत नाही)
आहार २
घर्षण व सरकणे १ (वर ओढून घ्यायला दोघे लागतात, तरी घसरतात)

एकूण १०, धोका जास्त. रात्रीच्या टिपणात १२ लिहिले होते. त्यात आहाराला ३ दिले होते, पण ठरलेल्या २०० मिलीच्या ६ फीडपैकी ४च गेली, म्हणजे १२०० पैकी ८०० मिली. रात्री ८चे पाळी बदलताना राहिले, ११चे पोट फुगल्यामुळे थांबवले. घर्षणाला २ दिले होते, तेही टिकत नाही. गट तोच राहिला, तरी आकडा दुरुस्त केला आहे.

कूस-बदल

८:०० उताणी, डोके ३०°, फीड
८:४५ उजवी कूस, ३०° तिरकी, पाठीमागे उशी
१०:४५ उताणी, ११:०० फीड
११:४५ डावी कूस
१:१५ उजवी कूस; २:०० फीड याच कुशीवर
३:१५ उताणी, ५:०० फीड
५:४५ डावी कूस
७:१५ उजवी कूस
(८:०० ते ८:४० ट्रॅफिकमुळे रात्रपाळीला उशीर, घरचे सोबत होते, कूस तीच)
९:१५ उताणी
११:३० डावी कूस
१:०० उजवी कूस
१:०० ते ६:३०: फक्त "पोझिशन दिली". वेळ नाही, बाजू नाही. नोंद नाही असेच धरावे.
६:३० डायपर बदलताना उताणी आढळल्या. उजव्या कुशीवर वळवले.

दुपारी ३:१० ते ४:०० वीज नव्हती. हवेची गादी मऊ पडली आणि त्याच वेळी रुग्ण उताणी होत्या. हे वहीत नाही, ग्रुपवर सापडले. ३:१५ पासून ५:४५ पर्यंत, म्हणजे अडीच तास, माकडहाडावर सलग भार होता.

त्वचा

माकडहाडावर ३ × २ सेंमी लाली, त्वचा अखंड. ६:३० ला बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडली नाही. भार काढून अर्ध्या तासाने, ७:०० वाजता, तशीच. भोवतालपेक्षा गरम, किंचित टणक. पहिली पायरी. टिपणात नुसते "मागे लाल" होते. जागा, माप आणि दाबून पाहणे यांशिवाय अशी ओळ पुढच्या पाळीच्या कामाची नाही.
डाव्या टाचेची लाली २० मिनिटांत गेली. बाकी हाडांच्या जागा ठीक.

११ जून सकाळी ८ पासून

लाली जाईपर्यंत उताणे झोपवू नये. उजवी कूस २ तास, डावी दीड तास. डावीकडे दुखले तरी त्यांना कळत नाही, म्हणून कमी. तिरकेपणा ३०°च, पूर्ण आडवे केले की भार खुब्यावर येतो.

फीडला, आणि नंतर पाऊण तास, डोके ३०°. कमी केले तर ठसक्याची भीती, जास्त केले तर शरीर घसरून माकडहाडाची कातडी ताणली जाते. आधी गुडघ्याखाली उंच करावे, मगच डोके. वर घेताना काखेत धरून ओढू नये. आडव्या चादरीने दोघांनी उचलावे.

पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. रिंग-कुशन काढून ठेवली: ती भोवतीचा रक्तपुरवठा दाबते. "बॅक केअर, पावडर-मालिश" अशी टिपणात ओळ आहे. लालीवर मालिश बंद. धुऊन, टिपून, झिंक ऑक्साइडचे मलम.

गादीवर रबरशीट, दुहेरी चादर आणि अंडरपॅड असे थर होते. जूनच्या घामट हवेत ते ओल धरतात, शिवाय गादीचा फायदाही जातो. आता एक चादर, एक अंडरपॅड. पंपावरचे वजन ४८ किलोनुसार लावले. दर पाळीला गादीखाली तळहात घालून पाहावे. माकडहाड हाताला लागले तर हवा कमी आहे. वीज गेली तर दर तासाला कूस.

प्रथिने दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम हवीत (किलोमागे १.२५ ते १.५). राहिलेली फीड व पोटफुगी सकाळी ८:१० ला डॉक्टरांना फोनवर कळवली. फोड, कातडी सुटणे, काळसर-जांभळा रंग किंवा वास दिसला तर पाळी संपायची वाट न पाहता कळवावे.

प्रत्येक वळणाला वेळ, बाजू, सही. लालीची पुढची मोजणी: ११ जून, दुपारी २.