रेषेचा चढ : पाचव्या तासाचं एक्झिट तिकीट

सर,

उद्या तुमच्या 'अ' तुकडीलाही रेषेचा चढ आहे, म्हणून मी 'ब'साठी केलेलं तिकीट पाठवते. चाळीस मिनिटांपैकी शेवटची सहा यासाठी राखून ठेवा. एक मिनिट वाटपात जातं, पाच लिहायला. एका ए-फोर कागदाचे चार तुकडे होतात, म्हणजे ४८ मुलांना बाराच झेरॉक्स पुरतात.

एक्झिट तिकीट : रेषेचा चढ
वेळ ५ मिनिटे. याला गुण नाहीत. नाव आणि हजेरी क्रमांक मागच्या बाजूला लिही. अडलं तर कुठे अडलं ते लिही, कोरं सोडू नकोस.

१. रेषा A(२, ७) आणि B(५, १) या बिंदूंतून जाते.
(क) आकडेमोड करण्याआधी सांग : डावीकडून उजवीकडे जाताना ही रेषा वर चढते की खाली उतरते? कशावरून?
(ख) आता तिचा चढ काढ.

२. शाळेच्या एका दारापाशी रॅम्प आहे : उंची ३० सेमी, जमिनीवरचं आडवं अंतर ३६० सेमी. दुसऱ्या दारापाशी : उंची ४५ सेमी, आडवं अंतर ५४० सेमी. तुझी मैत्रीण म्हणते, "दुसरा रॅम्प जास्त उंच जातो, म्हणून तोच जास्त चढाचा." तिचं बरोबर आहे का? एका वाक्यात कारण दे.

३. C(३, १), D(३, ६) यांतून एक रेषा जाते, E(१, ३), F(६, ३) यांतून दुसरी. कोणत्या रेषेचा चढ शून्य आहे? उरलेल्या रेषेचा चढ का ठरवता येत नाही?

सगळ्यात जास्त वेळ मला पहिल्या प्रश्नाचे आकडे निवडायला लागला. आधी मी (१, २) आणि (३, ४) घेतले होते. त्यांचा चढ १ येतो, पण मुलानं छेद वर आणि अंश खाली लिहिला तरी १ च येतो. म्हणजे चूक करूनही उत्तर बरोबर, आणि आपल्याला पत्ताच नाही. आता बरोबर उत्तर −२ आहे, आणि नेहमीच्या चुका वेगवेगळ्या उत्तरांतून बाहेर पडतात. −१/२ आलं तर भागाकार उलटा झालाय. २ आलं तर वर एका क्रमानं वजा केलंय आणि खाली दुसऱ्या, किंवा चिन्ह गळालंय. −५/४ आलं तर मुलानं एकाच बिंदूचे दोन निर्देशक एकमेकांतून वजा केले आहेत. त्याला सूत्र पाठ नाही एवढंच नव्हे, चढ म्हणजे काय तेच हाती लागलेलं नाही. ऋण निर्देशक मुद्दाम टाळले. नाहीतर पूर्णांकांच्या वजाबाकीत पडलेलं मूल चढात पडलंय असं वाटतं.

(क) कृपा करून गाळू नका. ज्यानं (क)मध्ये 'उतरते' लिहिलं आणि (ख)मध्ये २ काढलं, त्याला रेषा दिसते आहे, फक्त हात घसरलाय. दोन्हीकडे चुकलेल्याशी मात्र फळ्यावर नाही, आलेख कागदावर बोलावं लागेल.

वर्गात मी रामटेकचं उदाहरण घेते : पायऱ्या आणि वळणावळणाचा गाडीरस्ता, दोन्ही गडावर जातात, पण दम पायऱ्यांवर लागतो. उंची तीच, आडवं अंतर वेगळं. म्हणून तिकिटात उलटं केलं, उंची वेगळी आणि चढ तोच, १/१२. तेच उदाहरण पुन्हा विचारलं असतं तर मुलांनी माझंच वाक्य परत लिहून दिलं असतं. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी १/१२ हेच प्रमाण धरतात. उत्तर सांगताना हे जरूर सांगा, आपल्या दारातला रॅम्प मुलं मग टेप घेऊन मोजतात.

तिसऱ्या प्रश्नात 'शून्यानं भागता येत नाही' एवढं आलं तरी मला चालतं. 'दोन्हींचा चढ शून्य' हे उत्तर बरंच येईल. ते वेगळं काढा.

मधल्या सुटीत चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे पंधरा मिनिटांत होतात : पहिला आणि दुसरा प्रश्न जमलेले, फक्त आकडेमोडीत घसरलेले, आणि कल्पनेतच अडलेले. तिसरा गठ्ठा दहाच्या वर गेला तर मी समांतर रेषांचे चढ एक दिवस पुढे ढकलते. त्याहून कमी असला तर त्या मुलांना प्रार्थनेआधी बोलावते. मागच्या वर्षी मी नुसतं "समजलं ना?" विचारत होते आणि सगळे "हो मॅडम" म्हणत होते. चाचणीच्या पेपरात कळलं, आणि तोवर धडा मागे पडला होता.

कात्री आणि मूळ प्रत स्टाफरूममध्ये माझ्या कप्प्यात आहे. तुमचे गठ्ठे झाले की संध्याकाळी दोन्ही तुकड्यांचे −५/४ वाले एकत्र बसवू.