तीन तुकड्यांचा मायटर एल्बो, १२ इंच, ८४ अंश: मापं आणि कटाचे कोन

दुसऱ्या पाळीच्या फिटर आणि कटर मंडळींसाठी. कुपवाड शॉप.

साखर कारखान्याच्या कंडेन्सर पाण्याच्या लाइनवर बसायचा हा एल्बो आहे. पंपाचा पाया सरकल्यामुळे नवी लाइन जुन्या लाइनला काटकोनात येत नाही. ड्रॉइंगवर ९० अंश लिहिलेले आहेत, ते धरू नका. साइटवर मी स्वतः मोजलं आहे. जुन्या लाइनची दोरी वळणाच्या बिंदूपासून पुढे सरळ १००० मिमी ताणली, नव्या लाइनवरही त्याच बिंदूपासून १००० वर खूण केली आणि दोन खुणांमधलं अंतर घेतलं. ते १३३८ भरलं. अर्ध्या अंतराला १००० ने भागलं की ०.६६९ येतात, तो ४२ अंशांचा साइन. म्हणजे बाक ८४ अंश. ९० चा रेडीमेड एल्बो कापूनही काम झालं असतं, पण तो सोमवारशिवाय मिळत नाही आणि पाइपचे तुकडे आपल्याकडे पडून आहेत. लाइनला दाब कमी आहे, म्हणून मायटर चालेल. जास्त दाबाच्या लाइनला हाच कागद वापरू नका, मायटरची ताकद सरळ पाइपपेक्षा कमी असते.

पाइप: बाहेरचा व्यास ३२३.९, जाडी ६.३, आतला व्यास ३११.३. एल्बोची त्रिज्या मध्यरेषेवर ४५७, म्हणजे दीडपट. दोन्ही टोकांना १०० मिमी सरळ भाग जास्तीचा, म्हणजे लाइनला जोडताना वेल्ड मायटरच्या वेल्डपासून लांब राहील.

कटाचा कोन

तुकडे तीन, पण सांधे दोनच. प्रत्येक सांध्यावर ८४ च्या निम्मे, ४२ अंश वळायचं, आणि ते ४२ दोन तोंडांनी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. म्हणून प्रत्येक कट गुण्यापासून २१ अंश. पाइपच्या अक्षापासून मोजणार असाल तर तोच कट ६९ अंश.

```
a = bend / 4 = 84 / 4 = 21
tan 21 = 0.3839
end piece, centre line    = R * tan a  = 175.4
middle piece, centre line = 2R * tan a = 350.9
```

तीन तुकडे म्हणून तीनने भागायचं नाही. आमच्याच हातून एकदा हे झालंय. ९० चा एल्बो होता, पोरानं ३० अंशांचे कट मारले, प्रत्येक सांध्यावर ६० वळलं आणि दोन सांधे मिळून एल्बो १२० चा झाला. सगळं टॅक झाल्यावर लक्षात आलं, पाइप भंगारात गेला.

मार्किंग

पाइपचा बाहेरचा परीघ १०१७.६. त्याचे बारा भाग करा, प्रत्येक भाग ८४.८ मिमी. ० नंबरची रेषा टोकाच्या तुकड्याची पाठ, ६ नंबरची रेषा त्याचं पोट. पाइपची शिवण ३ नंबरच्या रेषेवर घ्या, पाठीवर किंवा पोटावर येऊ देऊ नका. मधला तुकडा जोडताना उलटा फिरतो, त्यामुळे त्याची शिवण आपोआप दुसऱ्या बाजूला जाते आणि सांध्यावर शिवणीला शिवण लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाग बाहेरच्या परीघावर पाडायचे, पण रेषांवरची मापं आतल्या व्यासाने काढायची. आपण गॅस कटर पाइपला काटकोनात धरतो. बाहेरच्या व्यासाची मापं घेतली तर पाठीकडे आतली कड २.४ मिमी जास्त राहते, दोन तुकडे तिथे आधी टेकतात, आणि पोटाकडे आतून तेवढीच फट पडते. मग घासत बसावं लागतं, कोनही हलतो. आतल्या व्यासाने मारलं की सगळीकडे आतली कड नेमकी सांध्याच्या प्रतलात येते. पोटाकडे बाहेरून जास्त राहिलेलं बेव्हेलमध्ये निघून जातं.

पाइपच्या टोकापासून मापं, १०० मिमी धरून:

० रेषा: ३३५.२
१ आणि ११: ३२७.२
२ आणि १०: ३०५.३
३ आणि ९: २७५.४
४ आणि ८: २४५.६
५ आणि ७: २२३.७
६ रेषा: २१५.७

दुसऱ्या प्रमाणात कधी काढायचं झालं तर सूत्र हे, फक्त `ri` आतली त्रिज्या आणि `f` त्या रेषेचा कोन (० रेषा शून्य अंश, पुढची प्रत्येक ३० अंशांनी):

```
y = 100 + (R + ri * cos f) * tan a
ri = 155.65
```

तिन्ही तुकडे एकाच पाइपमधून निघतात, मधे काही वाया जात नाही. एकूण ९०१.७ मिमीचा पाइप घ्या, दोन्ही टोकं गुण्यात. पहिल्या टोकाकडून एक पट्टी मारा आणि तीच पट्टी उलट करून दुसऱ्या टोकाकडून मारा, ० वर ० ठेवून. पडताळ्यासाठी पहिल्या टोकापासूनच मोजलं तर दुसरा कट ० रेषेवर ५६६.५ वर आणि ६ रेषेवर ६८६.० वर यायला हवा. मधल्या तुकड्याचं आतलं माप पाठीला ४७०.३ आणि पोटाला २३१.४, हे मोजून बघा.

खुणा सोपस्टोनने आखल्या की पंच मारा, नुसत्या आखणीवर गॅस लावला की रेषा दिसेनाशी होते.

कट आणि बेव्हेल

कट रेषेच्या मधोमध न्या. नोझलने साधारण ३ मिमी जळतं, आणि आपला रूट गॅपही ३ आहे, म्हणून जेवढं गेलं तेवढं गॅपमध्ये भरून निघतं. मापात वेगळी भर घालू नका. नोझल वेगळा लावला आणि जळण ३ पेक्षा वेगळी आली तर गॅप तेवढाच ठेवा.

बेव्हेल सगळीकडे सारखा नाही. सांध्याच्या प्रतलापासून दर तोंडाला ३० अंश हवेत. पाठीकडे काटकोनी कटामुळे २१ आपोआप उघडलेले असतात, तिथे आणखी ९ पुरे. ३ आणि ९ रेषांवर ३०. पोटाकडे मात्र उलट होतं, २१ बंद असतात, म्हणून ५१ अंश टेकवावे लागतात. मधे हळूहळू बदलत जा. रूटला दीड मिमीची कड शिल्लक ठेवा. पोटाकडचा बेव्हेल नीट झाला नाही तर तिथे रूटपर्यंत पेनिट्रेशन मिळत नाही, आणि गळती पोटातूनच सुरू होते. ती जागा ग्राइंडरने डोळ्यांदेखत साफ करूनच वेल्डरकडे द्या.

जुळणी

मधला तुकडा १८० अंश फिरवा, ० आणि ६ रेषा एका ओळीत आल्या पाहिजेत. सपाट प्लेटवर आडवं ठेवून दर सांध्याला चार टॅक: आधी ३ आणि ९, मग ०, शेवटी ६. पूर्ण वेल्डिंगआधी दोन्ही टोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. ते ७६० यायला हवं. कमी आलं तर बाक जास्त झालाय, जास्त आलं तर बाक कमी. साधारण ३ मिमीला एक अंश. दीड मिमीपर्यंत चालेल. त्यापुढे असेल तर पोटाकडचे टॅक काढून दुरुस्त करा, आणि मला रात्री कितीही वाजता फोन करा. पहाटे सहाला गाडी निघणार आहे.