त्रिकोणासनाचा हा फोटो पायांपासून बघा

सोमवारपासून सकाळी सहाच्या बॅचला आलेल्या सगळ्यांसाठी हा फोटो. रंकाळ्याच्या काठावर फरसबंदीवर काढलाय, आसन आहे त्रिकोणासन. फोटोतल्या काकू ५२ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या तुमच्यासारख्याच पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांचा हात जमिनीला टेकलेला नाही, नडगीवर आहे. मुद्दाम त्यांचाच फोटो घेतला.

एक गोष्ट आधीच सांगते. काकू तुमच्याकडे तोंड करून उभ्या आहेत, त्यामुळं त्यांचा उजवा पाय तुम्हाला डावीकडे दिसणार. फोटो समोर ठेवून करताना निम्मे लोक इथंच उलटे वळतात. खाली उजवं-डावं लिहिलंय ते काकूंचं, म्हणजे करताना तुमचंही तेच.

फोटो बघितला की नजर पहिल्यांदा वर गेलेल्या हातावर जाते. ती खाली, पायांवर आणा. दोन पावलांत साधारण तीन ते साडेतीन फूट अंतर आहे. उंची कमी असेल तर कमी ठेवा, दोन्ही पावलं घट्ट टेकली म्हणजे झालं. उजवं पाऊल पूर्ण बाहेर वळलंय, डावं किंचित आत. आता दोन फरशांमधली सांध्याची रेघ शोधा. ती उजव्या टाचेच्या मधोमध निघून मागच्या, डाव्या पावलाच्या कमानीखालून जाते. घरी शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यावरच उभे राहा, वेगळी खूण करायला नको. गुळगुळीत टाइल्सवर मात्र मोजे घालून करू नका, पाय फाकत जातो आणि जांघेला झटका बसतो.

मागच्या पायाचीही नीट पाहणी करा. डाव्या पावलाची बाहेरची कड, करंगळीपासून टाचेपर्यंत, फरशीला चिकटलेली आहे. नवख्या माणसाचं सगळं वजन पुढच्या पायावर जातं आणि ही कड उचलली जाते. तसं झालं की आसन उभंच राहत नाही, नुसतं एका बाजूला कलंडणं होतं.

उजव्या गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला आहे. हे फार महत्त्वाचं. पाऊल बाहेर आणि गुडघा आत वळलेला असेल तर पीळ गुडघ्यालाच बसतो. मांडी मुळापासून बाहेर फिरवा, मग गुडघा आपोआप जागेवर येतो. पाय सरळ आहे, पण गुडघा मागे ढकललेला नाही. मांडीचा पुढचा स्नायू आवळून वाटी वर खेचलेली आहे. या दोन्हींतला फरक मला फार उशिरा कळला. शिकत असताना हात टेकवायच्या हट्टापायी मी गुडघा मागे ताणत राहिले आणि नंतर कित्येक आठवडे जिना उतरताना गुडघ्यामागं दुखायचं. वर्गात तेव्हा ते कुणी थांबवलं नाही. म्हणून तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवते.

आता कंबर. काकू कमरेतून वाकलेल्या नाहीत, खुब्याच्या सांध्यातून वाकल्या आहेत. ओळखायचं कसं? त्यांच्या टी-शर्टकडे बघा. खालच्या, उजव्या कुशीवर चुण्या फार नाहीत. कंबर मोडून वाकलं की त्या बाजूला कापडाचा गोळा होतो आणि वरची कूस कमानीसारखी फुगते. काकूंच्या दोन्ही कुशी जवळजवळ सारख्या लांब आहेत. त्यांचा हात नडगीवरच थांबला तो याच कारणानं. आणखी चार बोटं खाली गेल्या असत्या तर उजवी कूस मिटली असती. हात किती खाली गेला यावर आसन मोजू नका. ठोकळा असेल तर उजव्या पावलाच्या बाहेर उभा ठेवून त्यावर हात टेका. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि पुढे लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या वापरून त्यांनी कडक अंगाच्या माणसालाही आसनात उभं केलं. ठोकळा घेणं हा कमीपणा नाही.

डावा खुबा किंचित पुढे आलेला दिसेल. तो चुकून राहिलेला नाही, राहू दिलाय. दोन भिंतींच्या फटीत अडकल्यासारखं सपाट व्हायचा हट्ट धरला तर पुढचा गुडघा आत वळतो. खुबा थोडा पुढे चालेल, छाती मात्र आकाशाकडे उघडत न्या. दोन्ही हात एकाच उभ्या रेषेत आहेत, वरचा हात पाठीमागे लोंबत नाही. काकूंची नजर समोर आहे, वरच्या अंगठ्याकडे नाही. त्यांची मान पूर्वी धरायची. ज्यांना मानेचा त्रास, चक्कर किंवा रक्तदाब आहे, त्यांनीही समोर किंवा खालीच बघायचं.

यातून मिळतं काय? मांडीच्या मागचे आणि आतले स्नायू लांबतात. आपल्याकडं गुजरीत दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे आहेत, फळ्यापुढं सहा तास उभे राहणारे गुरुजी आहेत, स्कूटरवर गाव पालथं घालणारे आहेत. सगळ्यांचे मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, मग वाकताना सगळा भार कमरेवर येतो. तालमीतली पोरं येतात, मांड्या दगडासारख्या भक्कम, पण खुब्यातून वाकायला सांगितलं की पाठ गोल होते. त्रिकोणासन खुब्यातून वाकायची सवय लावतं. शिवाय मागच्या पायाची मांडी आणि खुब्याच्या बाहेरचे स्नायू वजन पेलायला शिकतात, घोटे स्थिर होतात. वरच्या कुशीच्या बरगड्या उघडतात, तिथं श्वास भरताना तुम्हाला स्वतःलाच जाणवेल.

पोट उतरेल, साखर जाईल असं या एका आसनाच्या नावावर मी सांगणार नाही. तशी खात्री कुणी दिली तर ऐकून सोडून द्या.

ताण मांडीच्या मागे, मधल्या भागात जाणवला तर बरोबर. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात किंवा बसायच्या हाडापाशी टोचलं तर लगेच वर या, ठोकळ्याची उंची वाढवा. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं, आणि तेही भिंतीला पाठ लावून.

सुरुवातीला भिंत सगळ्यांनीच घ्या. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. श्वास सोडत बाजूला जा, खाली गेल्यावर श्वास कोंडू नका, चार-पाच शांत श्वास थांबा. वर येताना श्वास घ्या आणि मागचं पाऊल जमिनीत दाबा, म्हणजे डोक्यानं उसळी मारून यावं लागत नाही. दोन्ही पावलं सरळ करा, मग डावी बाजू. दोन्ही बाजू सारख्या होणार नाहीत. जी कडक आहे तिकडं एक फेरी जास्त करा.

पुढच्या सोमवारी येताना घरच्या कुणाकडून असाच समोरून एक फोटो काढून आणा. हात कुठवर गेलाय ते बघणार नाही, पण दोन्ही पावलं आणि फरशीची रेघ त्यात दिसली पाहिजे.